बर्गमॉट: दाबून काढलेला, उडून जाणारा वास

ताप आला की कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत होती, काही घरांत अजून आहे. बाटलीचं बूच काढलं की लिंबासारखा, पण लिंबाहून मऊ आणि किंचित फुलांकडे झुकणारा वास खोलीभर पसरतो. घडी कोरडी व्हायच्या आतच तो नाहीसाही होतो. गार वाटतं ते अल्कोहोल उडून जाताना कपाळाची उष्णता घेऊन जातं म्हणून. वासाचं श्रेय मात्र मुख्यतः एका फळाच्या सालीकडे जातं. योहान मारिया फरीना या मूळच्या इटालियन माणसाच्या घराण्याने 1709 साली जर्मनीतल्या कोलोन शहरात आपली पेढी काढली आणि तिथे जे सुगंधी पाणी विकायला सुरुवात केली, त्याच्या वासाचा कणा होता बर्गमॉट. अर्ल ग्रे चहाला जो खास वास असतो, तोही याच फळाच्या सालीचा.

हा वास इतक्या लवकर का जातो, याचं उत्तर बाटलीत शोधण्यापेक्षा सालीत शोधावं. हे तेल कसं काढतात आणि तसंच का काढावं लागतं हे समजलं, की ते टिकत का नाही हेही आपोआप कळतं. दोन्हींमागचं कारण एकच आहे.

दीडशे किलोमीटरची पट्टी

बर्गमॉट हे आंबट संत्रं आणि लेमन यांच्या संकरातून आलेलं फळ. आकाराने साधारण मोसंबीएवढं, वजनाला शंभर ते दोनशे ग्रॅम. हिवाळ्याच्या सुरुवातीला हिरवंगार असतं आणि पुढे पिवळं होत जातं. रस आंबट आणि कडवट. फळ म्हणून ते सोलून खायला फारसं कुणी घेत नाही. त्याची बाग लावतात ती सालीसाठी.

जगातल्या बर्गमॉटचा सिंहाचा वाटा इटलीच्या अगदी दक्षिण टोकाला, कॅलाब्रिया प्रांतात पिकतो. नकाशात इटलीचा बूट पाहिला तर त्याच्या चवड्याकडचा भाग. रेज्जो कॅलाब्रिया या शहराच्या आजूबाजूला, डोंगर आणि आयोनियन समुद्र यांच्यामध्ये सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची चिंचोळी किनारपट्टी आहे. तिथे 1750 च्या सुमारास निकोला पारिसी यांनी बर्गमॉटची पहिली पद्धतशीर बाग लावली असं सांगतात. आयव्हरी कोस्टमध्येही हे फळ पिकतं, पण रेज्जोच्या तेलाचा मान वेगळा आहे. त्या तेलाला 2001 पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मूळ जपणारं संरक्षण आहे, म्हणजे ते नाव दुसऱ्या कुठल्या तेलाला लावता येत नाही.

तोडणी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते आणि एकाच झाडाचं तेल या काळात बदलत जातं. सुरुवातीच्या हिरव्या फळांचं तेल हिरवट असतं आणि वासाला जास्त तीक्ष्ण. फळ पिकत जातं तसं तेल पिवळसर आणि गोडसर होतं. फळातला लिनालूल नावाचा घटक हळूहळू कमी होतो आणि त्याच्यापासूनच बनणारा लिनालिल ॲसिटेट वाढतो. ही दोन नावं पुन्हा पुन्हा येणार आहेत, कारण बर्गमॉटला बर्गमॉट बनवतात ती हीच दोन. लिनालूल लव्हेंडरमध्येही असतं. लिंबाच्या तेलात लिनालिल ॲसिटेट जवळपास नसतोच. बर्गमॉटच्या तेलात तो साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असतो. तो मऊपणा तिथून येतो.

तेल असतं कुठे

संत्र्याची साल बोटांत दुमडली की बारीक फवारा उडतो आणि डोळ्यांत गेला तर चरचरतो, हे प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. नागपुरी संत्रं घ्या आणि साल उजेडात धरून नीट बघा. रंगीत पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपक्याखाली तेलाने भरलेली एक सूक्ष्म पिशवी असते. तिला नळी नसते, तोंड नसतं. सभोवतालच्या पेशी पाण्याने टरारून फुगलेल्या असतात आणि त्यांचा दाब या पिशवीवर सतत असतो. साल दुमडली की पिशवी फुटते आणि त्या दाबानेच तेल बाहेर फेकलं जातं.

म्हणजे हे तेल मोकळं करायला उकळावं लागत नाही, कुठल्या द्रावणात भिजवावं लागत नाही. पिशव्या फोडल्या की झालं. गुलाबाच्या पाकळीत किंवा चंदनाच्या खोडात तेल अशा पिशव्यांत, पृष्ठभागाला चिकटून साठलेलं नसतं, म्हणून तिथे वाफेची भट्टी लागते. संत्रं, लिंबू, बर्गमॉट यांच्या बाबतीत नुसता दाब पुरतो.

अडचण आहे ती पिशव्यांच्या खाली. रंगीत सालीच्या आत तो पांढरा, मऊ, पोकळ थर असतो, जो आपण संत्रं सोलताना टाकून देतो. पिशव्या फुटल्या की हा थर तेल लगेच पिऊन टाकतो आणि मग सहजासहजी सोडत नाही. शिवाय त्यात पेक्टिन असतं. पेक्टिन पाण्यात उतरलं की तेल आणि पाणी एकमेकांत असे काही मिसळतात की दुधासारखं पांढरं मिश्रण तयार होतं आणि तेल वर तरंगायला तयार होत नाही. फळाच्या आत त्याहून मोठा धोका आहे: आंबट रस. आम्लाशी जास्त वेळ गाठ पडली तर तेलातले नाजूक घटक मोडतात. सालीचं तेल काढायची सगळी कला या तीन गोष्टींभोवती फिरते: पिशव्या फोडायच्या, पांढऱ्या थराला तेल पिऊ द्यायचं नाही, आणि रसाला त्याच्या आसपास येऊ द्यायचं नाही.

तोडणीचीही एक खबरदारी याच रचनेतून येते. दव किंवा पाऊस अंगावर असताना फळ तोडलं, तर पेशी पाण्याने जास्तच तट्ट असतात आणि हाताच्या साध्या दाबानेही पिशव्या फुटतात. फुटलेलं तेल बाजूच्या पेशी मारतं आणि एक-दोन दिवसांत सालीवर तपकिरी डाग उमटतात. म्हणून फळ कोरडं झाल्यावरच तोडायचं. संत्रा-मोसंबीच्या बागाईतदारांना हे डाग ओळखीचे असतील.

स्पंजावर दाबलेली साल

कॅलाब्रियात आणि समुद्रापलीकडच्या सिसिलीत विसाव्या शतकापर्यंत हे काम माणसांच्या हातांनी होत असे. फळाचे दोन भाग करायचे. चमच्यासारख्या धारदार पात्याने आतला गर एका फिरकीत खरवडून काढायचा, साल मात्र अखंड ठेवायची. रस तिथल्या तिथे वेगळा झाला. मग या रिकाम्या वाट्या पाण्यात भिजवायच्या आणि टोपल्यांत निथळत ठेवायच्या. यामागे नेमका विचार होता. पांढरा थर आधीच पाण्याने भरून टाकला की त्याच्यात तेलाला जागा उरत नाही. वाट्या थोड्या ताठ झाल्या की दाबल्यावर पिशव्याही व्यवस्थित फुटतात.

यानंतर कारागीर मातीचं एक खोलगट भांडं समोर घेऊन बसे. भांड्यावर आडवी काठी, काठीवर समुद्रातला खरा स्पंज. सालीची वाटी रंगीत बाजू स्पंजाकडे करून धरायची, तळव्याने दाबायची, थोडी फिरवायची, पुन्हा दाबायची. सालीतून उडालेला प्रत्येक थेंब स्पंजात जाई. स्पंज भरला की भांड्यात पिळायचा. भांड्यात तळाशी पाणी, वर तेल. बर्गमॉटचं तेल पाण्याहून हलकं, एका मिलीलिटरला सुमारे 0.88 ग्रॅम, म्हणून स्थिर राहू दिलं की ते वर येतं. मग भांड्याच्या ओठातून ते हलक्या हाताने ओतून घ्यायचं. या तेलाला अखेरपर्यंत सर्वांत चांगलं मानलं जायचं, कारण त्यात पाण्याचा आणि रसाचा संबंध कमीत कमी होता आणि उष्णतेचा तर नव्हताच.

हाताने किती होणार? साधारण दोनशे किलो बर्गमॉटमधून एक किलो तेल निघतं. एक फळ दीडशे ग्रॅमचं धरलं तर दोनशे किलोत तेराशेच्या वर फळं भरतात. प्रत्येक फळाचे दोन भाग, म्हणजे एक किलो तेलासाठी सव्वीसशेच्या वर वाट्या एकेक करून स्पंजावर दाबायच्या. एका फळाच्या वाट्याला पाऊण ग्रॅम तेल येतं.

म्हणूनच 1844 साली रेज्जोच्या निकोला बारिल्ला यांनी यंत्र बनवलं तेव्हा या धंद्याचं रूपच पालटलं. त्यांच्या यंत्रात फळ कापावं लागत नसे. अखंड फळं दोन खोलगट तबकड्यांमध्ये ठेवायची आणि तबकडी फिरवायची. तबकड्यांच्या आतल्या पात्यांनी सालीचा फक्त वरचा थर घासला जाई, तेल आणि सालीचा कीस खाली गळे. फळ आतून शाबूत राही, त्यामुळे रसाचा प्रश्नच मिटला.

आजची यंत्रंही तोच विचार पुढे नेतात. धुतलेली अखंड फळं खरखरीत रुळांवर गडगडत पुढे सरकतात. रूळ सालीचा रंगीत थर हलकेच किसतात, पिशव्या फुटतात आणि वरून येणारा पाण्याचा फवारा तेल आणि कीस वाहून नेतो. कीस चाळणीवर अडकतो. उरलेलं तेल-पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये जातं. ताक घुसळून लोणी वर यायची वाट पाहावी लागते. इथे अतिवेगाने फिरणारं यंत्र जड पाणी बाहेर आणि हलकं तेल आत असं क्षणात वेगळं करतं. शेवटी तेल काही काळ थंड जागी ठेवतात. सालीवरचं मेण थंडीत गोठून तळाशी बसतं आणि वरचं स्वच्छ तेल काढून घेतात.

या यंत्रात चुकायला भरपूर जागा आहे. रूळ जास्त खोल घासला गेला तर पांढरा थर सुटतो, पेक्टिन पाण्यात उतरतं आणि सेंट्रिफ्यूजमधून तेलाऐवजी गढूळ पांढरं मिश्रण यायला लागतं. कमी घासला गेला तर अर्ध्या पिशव्या न फुटताच राहतात. सालीच्या अर्ध्या वाट्या दाबणाऱ्या यंत्रांत यावर जुना उपाय आहे: साली आधी चुन्याच्या निवळीत भिजवतात. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं, ते पाण्यात उतरत नाही आणि तेल सुटं राहतं. पाण्याचंही असंच. लिनालूलसारखे घटक पाण्यात थोडे विरघळतात, म्हणून ताज्या पाण्याने भरपूर धुतलं तर वासाचा एक भाग गटारात जातो.

उकळलं तर काय बिघडतं

तुलनेने भट्टीचं काम सोपं आहे. साली पाण्यात उकळा, वाफ थंड करा, वर तेल तरंगेल. मग एवढा खटाटोप कशाला?

कारण लिनालिल ॲसिटेट गरम पाण्यात टिकत नाही. पाणी, उष्णता आणि थोडंसं आम्ल एकत्र आलं की त्याचे दोन तुकडे होतात: एकीकडे लिनालूल, दुसरीकडे ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. लिनालूलही पुढे बदलत जातं. ज्याच्यामुळे वासाला मऊपणा होता तोच घटक कमी होतो आणि तेलाला शिजवल्यासारखी झाक येते. दाबून झाल्यावर उरलेल्या किसातून वाफेने तेल काढतात आणि ते बाजारात मिळतंही, पण बर्गमॉटच्या खऱ्या तेलाची जागा ते घेत नाही.

उष्णता वास किती बदलू शकते हे पाहायचं तर आपल्या ओळखीच्या कागदी लिंबाकडे वळावं. मेक्सिकोसारख्या देशांत या लिंबाचं तेल मुद्दाम आंबट रसासकट उकळून काढतात. उकळताना सिट्राल नावाचा, ताज्या लिंबाचा म्हणून ओळखला जाणारा घटक मोडतो आणि त्याच्या जागी वेगळेच घटक तयार होतात. जो वास उरतो तो कापलेल्या लिंबाचा नसतो. तो असतो बाटलीतल्या लेमन-लाइम पेयाचा. ज्याला तोच वास हवा असतो, त्याच्यासाठी उकळणं बरोबर. बर्गमॉटसाठी ते घातक.

वास जातो कुठे

आता मूळ प्रश्न. दोरीवरचे कपडे वाळायला पाणी उकळावं लागत नाही; पृष्ठभागावरचे रेणू एकेक करून हवेत निसटत जातात. तेलाचंही तेच. कोणता रेणू किती सहज निसटेल हे दोन गोष्टींवर ठरतं: तो किती मोठा आहे आणि शेजारच्या रेणूंना किती घट्ट धरून आहे.

सालीच्या तेलांतला मुख्य रेणू लिमोनीन. संत्र्याच्या तेलात तो नव्वद टक्क्यांच्या वर असतो, लिंबाच्या तेलात साधारण दोन तृतीयांश, बर्गमॉटमध्ये तीस ते पंचेचाळीस टक्के. तो लहान आहे, दहाच कार्बन अणूंचा, आणि त्यात कार्बन व हायड्रोजनशिवाय काहीच नाही. ऑक्सिजनचा एखादा अणू असता तर त्याच्या आधाराने रेणू शेजाऱ्याला, त्वचेतल्या ओलाव्याला किंवा सुती धाग्याला धरून राहिला असता. लिमोनीनकडे ती सोय नाही. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेटमध्ये ऑक्सिजन आहे, दुसरा तर वजनालाही जास्त आहे. म्हणून खोलीच्या तापमानाला लिमोनीन या दोघांपेक्षा दहा पटींहून जास्त जोराने हवेत निसटतं. चंदनाच्या तेलातल्या सँटालोलमध्ये पंधरा कार्बन आणि एक ऑक्सिजन. लिमोनीनची निसटण्याची ओढ त्याच्या हजारो पट आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. कोलन वॉटरमध्ये सुगंधी तेल थोडंच असतं. समजा चार टक्के. एक मिलीलिटर हातावर घेऊन तळहाताएवढ्या जागेवर पसरवलं. अल्कोहोल उडाल्यावर त्वचेवर उरलं सुमारे चौतीस मिलिग्रॅम तेल. शंभर चौरस सेंटिमीटर जागेवर त्याचा थर होतो सुमारे चार मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या वीसाव्या भागाच्या आसपास. त्वचेचं तापमान बत्तीस अंशांच्या आसपास. वरून हवा वाहतेय. एवढ्या पातळ थरातून लिमोनीन काही मिनिटांत निघून जातं. त्यानंतर अर्धा-पाऊण तास लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेटचा मऊ, फुलांचा वास येत राहतो आणि मग तोही विरतो.

हवामानाचा फरकही मोठा आहे. वीस अंशांच्या युरोपीय खोलीत रुमालावर शिंपडलेलं लिमोनीन ज्या वेगाने निसटतं, त्याच्या जवळपास अडीच पट वेगाने ते पस्तीस अंशांच्या नागपुरात निसटेल. बाटली तीच, रुमाल तोच.

शिवाय नाकाचाही वाटा आहे. प्रत्येक वासाला एक उंबरठा असतो; हवेत त्याहून कमी रेणू असले तर नाकाला काही कळत नाही. लिमोनीनचा उंबरठा तसा उंच. ते भरपूर असेल तेव्हाच जाणवतं, त्यामुळे प्रमाण घटलं की वास हळूहळू न मावळता तुटल्यासारखा थांबतो. संत्र्याच्या वासात खरा संत्रेपणा आणतात ते ऑक्टनाल, डेकनाल असे अगदी किंचित प्रमाणातले घटक. त्यांना नाक फार लवकर ओळखतं, पण तेही लहानच रेणू, फार वेळ थांबत नाहीत. त्यात आपलं नाक सतत येणाऱ्या वासाकडे थोड्याच वेळात दुर्लक्ष करायला लागतं. आपल्याला वास गेलासा वाटतो तेव्हा शेजारी बसलेल्याला तो कधी कधी अजून येत असतो.

हे घरी तपासता येतं. जाडसर, न चकाकणाऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर संत्र्याची साल दुमडून चार-पाच फवारे उडवा, दुसरीवर चंदनाच्या तेलाचा एक थेंब. पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हुंगा. संत्र्याची पट्टी पहिल्या काही मिनिटांत खोलीभर जाणवेल, चंदनाची तेव्हा जवळ नेल्याशिवाय कळणार नाही. सकाळी चित्र उलटं असेल. जो रेणू पटकन नाकापर्यंत पोहोचतो तोच पटकन संपतो. बाटली उघडताच येणारा ताजेपणा आणि त्याचं लगेच नाहीसं होणं ही एकाच गुणाची दोन टोकं आहेत.

वास गेला, बर्गाप्टेन राहिलं

दाबून काढलेल्या तेलात फक्त उडणारे घटक नसतात. भट्टीत वाफेबरोबर जे वर चढू शकतं तेच तेलात येतं. दाबताना सालीत आहे ते सगळं येतं. मेण येतं, रंग येतो आणि बर्गाप्टेन नावाचा एक पदार्थही येतो. प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी. त्याला वास जवळपास नाही आणि तो उडत नाही.

वास निघून गेल्यावर तो त्वचेवर तसाच बसून राहतो. त्यावर ऊन पडलं की सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे तो त्वचेतल्या पेशींना इजा करतो. आधी लालसरपणा, फोड आणि मग महिनोन्‌महिने न जाणारे तपकिरी पट्टे, तेही नेमके जिथून कोलन वॉटरचे थेंब ओघळले तिथे, बहुतेकदा मानेवर. हे पट्टे सुगंधामुळे पडतात हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या लक्षात आलं. आज सुगंध उद्योगाच्या नियमांनुसार त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात असं तेल 0.4 टक्क्यांच्या वर घालता येत नाही. त्याहून जास्त हवं असेल तर बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल वापरतात. घरी बर्गमॉटचं किंवा लिंबाचं दाबून काढलेलं तेल अंगाला लावून उन्हात जाऊ नये, ते यासाठी.

धरून ठेवता येतं का

अत्तरकारांनी यावर फार विचार केला आहे. इंग्रज सुगंधतज्ज्ञ विल्यम पाउचर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला शेकडो सुगंधी पदार्थ कागदावर किती वेळ टिकतात याचा अभ्यास करून त्यांना एक ते शंभर असे अंक दिले. चंदन आणि पॅचोली शंभरावर बसले. सालीची तेलं या यादीच्या तळाशी आली.

जड तेलांबरोबर मिसळलं तर हलके रेणू काहीसे सावकाश निघतात, पण थांबत नाहीत. पाच मिनिटांची दहा मिनिटं होतील, पाच तास होणार नाहीत. म्हणून कुशल अत्तरकार बर्गमॉटला रोखत बसत नाही. तो बर्गमॉट निघून जाताना त्याच्या वासाचा धागा दुसऱ्या, जास्त टिकाऊ घटकाच्या हाती देतो. एदमों रुदनित्स्का यांनी 1966 साली डिओरसाठी बनवलेलं ओ सोवाज याचं प्रसिद्ध उदाहरण. सुरुवातीला लिंबू-बर्गमॉट, आणि त्याच्या मागे हेडिओन नावाचा प्रयोगशाळेत बनवलेला रेणू. हेडिओनला हलका, हवेशीर मोगऱ्याचा वास आहे आणि त्यात लिंबाची किंचित झाक आहे. तो लिमोनीनच्या मानाने फार सावकाश उडतो. बर्गमॉट संपल्यावरही हुंगणाऱ्याला तो उजळपणा चालूच आहे असं वाटतं, प्रत्यक्षात मात्र रेणू केव्हाच बदललेले असतात. बाटलीवर बर्गमॉट लिहिलेला एखादा परफ्यूम संध्याकाळपर्यंत लिंबासारखा ताजा राहत असेल, तर संध्याकाळचा तो वास सालीतला नसतो.

घेताना आणि ठेवताना

एका किलोला दोनशे किलो फळ लागतं म्हटल्यावर भेसळ आलीच. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट कारखान्यात स्वस्तात बनतात, त्यामुळे हलक्या तेलात ते मिसळून बर्गमॉट म्हणून विकणं सोपं आहे. नाकाला ही भेसळ पकडणं अवघड, प्रयोगशाळेला सोपं. या दोन्ही रेणूंची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेली दोन रूपं असतात. बर्गमॉटचं झाड जवळपास एकच रूप बनवतं, कारखाना दोन्ही सारख्या प्रमाणात. ही रूपं वेगळी करणाऱ्या नळीतून तेल सोडलं की दुसरं रूप लगेच उघडं पडतं. रेज्जोमध्ये सालीच्या तेलांवर काम करणारी सरकारी प्रयोगसंस्था 1918 पासून आहे आणि तेलाची पारख हे तिथलं जुनं काम.

ग्राहकाने पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. दाबून काढलेलं बर्गमॉट तेल हिरवट किंवा पिवळसर असतं. अगदी पाण्यासारखं रंगहीन असेल तर ते भट्टीचं, पुन्हा शुद्ध केलेलं किंवा बनावट असण्याची शक्यता जास्त. लेबलवर बर्गाप्टेन काढल्याचा उल्लेख आहे का पाहावं. आणि बाटली लहान घ्यावी. हे तेल नुसतं उडत नाही, हवेतल्या ऑक्सिजनने खराबही होतं. अर्ध्या रिकाम्या बाटलीतल्या हवेने लिमोनीन ऑक्सिडाइज होतं, वासातला ताजेपणा जाऊन टर्पेंटाइनची झाक येते, तेल किंचित चिकट होतं. असं तेल त्वचेला लावू नये; जुन्या लिमोनीनपासून तयार होणारे पदार्थ ॲलर्जी आणू शकतात. गडद काचेची, काठोकाठ भरलेली लहान बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर तेल साधारण वर्षभर चांगलं राहतं. अर्ल ग्रे चहाचा मोठा डबा वर्षभर पुरवण्यापेक्षा लहान, घट्ट झाकणाचे डबे एकामागून एक उघडावेत, हेही याच कारणासाठी.

आणि कोलन वॉटर वापरायची जुनी रीत लक्षात घ्यावी. त्याची बाटली मोठी असायची आणि ते सकाळी एकदाच थेंबभर लावायचं नसे. तोंड धुतल्यावर, प्रवासात, दुपारच्या उकाड्यात, दर वेळी ओंजळीत थोडं घेऊन हातांना चोळायचं, अशी त्याची वहिवाट होती. ज्यांनी ते बनवलं त्यांना हा वास दहा मिनिटांचा आहे हे पक्कं माहीत होतं आणि त्यांनी त्या हिशेबानेच बाटली भरली होती.